वाचलेल्या मिनिटांचा हिशेब

चाकण परिसरातल्या एखाद्या मध्यम कारखान्याचे लेखा कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. रोज साठेक बिले येतात. काही कुरिअरने, काही ईमेलवर, काही माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्या हातून. बिल विभागातले तिघे प्रत्येक बिलाला आवक क्रमांक टाकतात, खरेदी विभागाची पीओ शोधतात, स्टोअरमधून आलेली जीआरएन जोडतात, तिन्ही कागदांवरचे नग आणि दर जुळवून पाहतात आणि बिल सहीसाठी त्या त्या विभागप्रमुखाकडे पाठवतात. तिथे ते ट्रेमध्ये पडून राहते. मग पुरवठादाराचा फोन येतो, "साहेब, आमच्या बिलाचं काय झालं?" आणि एक माणूस उठून तीन टेबले फिरून येतो.

एके दिवशी या सगळ्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचा प्रस्ताव येतो. सुरुवातीचा खर्च १० लाख रुपये. त्यात प्रशिक्षण आणि पुरवठादारांची जुनी यादी साफ करणे धरलेले. पुढे दरवर्षी परवाना आणि देखभालीचे २ लाख. फायद्यांच्या पानावर पाच ओळी असतात. चौदा माणसांची रोज पाऊण तासाची बचत, ताशी २०० रुपयांप्रमाणे वर्षाला ५ लाख ६७ हजार. एकच बिल दोनदा चुकते होणे टळेल, दीड लाख. कागद, कुरिअर आणि साठवणीची जागा, ६० हजार. वेळेत पैसे दिल्याने मिळणारी रोख सूट, २ लाख. शेवटची ओळ पुरवठादारांचा विश्वास आणि चांगले निर्णय यांची, तिच्यासमोर ३ लाख. बेरीज वर्षाला १२ लाख ७७ हजार.

हा कारखाना नमुन्याचा आहे आणि आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत. पण अशी पाच ओळींची पाने कार्यालयांमध्ये नेहमी फिरतात, आणि त्यांच्या खाली वटावाचे गणित असते. वटाव म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढणे. वर्षाला १२ टक्के दर धरला तर पाच वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत साधारण ५७ रुपये होते. त्या दराने वरच्या प्रस्तावाचा पाच वर्षांचा निव्वळ फायदा, सगळा खर्च वजा जाता, २८ लाख ८० हजारांच्या आसपास निघतो. संचालकांच्या बैठकीत चर्चा होते ती दर १२ टक्के असावा की १४, यावर. पाच ओळींमधले आकडे कुठून आले, हे फारसे कुणी विचारत नाही.

खरी चूक तिथेच होते. वटाव फक्त काळाचा हिशेब करतो. जो फायदा मुळात होणारच नाही, त्याच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यातून १२ टक्के दराने जेमतेम दहावा हिस्सा जातो. उरलेले नऊ हिस्से तसेच पुढे सरकतात आणि दोन दशांश स्थळांपर्यंत मांडल्यामुळे खरे वाटू लागतात. म्हणून वटावाला हात लावण्याआधी प्रत्येक ओळ वेगळी काढून तपासावी लागते.

सुरुवात वेळेच्या ओळीपासून करावी, कारण ती सर्वांत मोठी आणि सर्वांत फसवी असते. वाचलेले तास गुणिले पगार, हे सूत्र कार्यालयात संगणक शिरू लागले तेव्हापासून चालत आले आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ पीटर ससोन यांनी १९८०च्या दशकात नेमक्या याच सूत्राची चिकित्सा केली. मोकळ्या झालेल्या तासाची किंमत त्या तासात पुढे कोणते काम होते यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. अधिकारी कारकुनी कामातून सुटून स्वतःचे खरे काम करू लागला, तर त्या तासाची किंमत पगारापेक्षाही जास्त भरू शकते. मोकळा वेळ कुठल्याच कामी आला नाही, तर ती शून्य असते.

आपल्या कारखान्यात चौदा माणसांचा पाऊण तास म्हणजे दिवसाला साडेदहा तास. हे तास कुणाकडे साठतात? हे कळण्यासाठी सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन आठवडे साधी नोंद ठेवावी लागते: कोणते बिल कुणाकडे कधी आले, हातात किती मिनिटे होते, कधी पुढे गेले. अशा नोंदीत दोन गोष्टी दिसतात. बिल विभागातल्या तिघांचा प्रत्येकी दीड तास, म्हणजे रोज साडेचार तास, एकाच खोलीत मोकळे होतात. उरलेले सहा तास अकरा माणसांमध्ये विखुरलेले आहेत, प्रत्येकाकडे जेमतेम अर्धा तास, तोही पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. स्टोअरकीपरची सकाळी पाच मिनिटे वाचली आणि दुपारी आणखी सात वाचली, म्हणून कारखान्याच्या पगारपत्रकातला एक रुपयाही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. बिलाला पोहोचल्यापासून पैसे निघेपर्यंत समजा एकोणीस दिवस लागत असतील, तर त्यात प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचेच असते. बाकी सगळी वाट पाहणे. त्यातली काही वाट सॉफ्टवेअरने कमी होईल, कारण बिल कुणाच्या नावावर अडकले आहे ते पडद्यावर दिसेल. पण विभागप्रमुख आठवडाभर दौऱ्यावर असेल आणि सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला दिलेलाच नसेल, तर बिल ट्रेऐवजी पडद्यावर थांबेल, इतकाच फरक. तो अधिकार दुसऱ्याला द्यायला सॉफ्टवेअर लागत नाही. त्यामुळे तुलना 'आजची स्थिती' आणि 'सॉफ्टवेअर' अशी करू नये. 'पैसे न खर्चता जेवढी सुधारणा होईल तेवढी करून' आणि 'सॉफ्टवेअर घेऊन' अशी करावी. नाहीतर घरच्या शिस्तीचे श्रेय विकत घेतलेल्या वस्तूच्या खात्यावर जमा होते.

मग वेळेच्या ओळीतून पैसे कुठे निघतात? तीनच ठिकाणी: ओव्हरटाइम कमी झाला, रिकामी होणारी जागा भरावी लागली नाही, किंवा काम वाढूनही नवा माणूस घ्यावा लागला नाही. ओव्हरटाइमचा आकडा पगार विभागाकडे तयार असतो. समजा गेल्या वर्षी १ लाख ४० हजार रुपये गेले. त्यातला निम्मा भाग बिलांमुळे, उरलेला मार्चअखेरीच्या इतर कामांमुळे. ७० हजारांपैकी ५० हजार धरावेत, कारण महिनाअखेरची गर्दी पूर्ण संपत नाही.

जागेचा प्रश्न नाजूक आहे. बिल विभागातले एक वरिष्ठ कारकून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निवृत्त होणार आहेत. कारखान्याला त्यांचा वार्षिक खर्च ४ लाख २० हजार. प्रस्तावात सहज लिहिता येते की ही जागा भरणार नाही. पण एकाच विभागात मोकळे होणारे तास रोजचे साडेचार आहेत, आठ नाहीत. त्यांच्या जागी अर्धवेळ माणूस ठेवता येईल, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून वर्षाला २ लाख १० हजार. आणि तेही लेखा विभागाचे प्रमुख स्वतःच्या पुढच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद करायला तयार असतील तरच. "साहेब, ही ओळ मी धरतोय, तुमची सही हवी," असे म्हटल्यावर समोरचा जरा थांबतो, आणि त्या थांबण्यातून आकड्याबद्दल पुष्कळ काही कळते.

दोनदा चुकत्या होणाऱ्या बिलांची ओळ तपासायला जुनी खातेवही पुरते. तीन वर्षांत अशी अकरा बिले सापडली, एकूण ४ लाख २० हजारांची, असे समजू. यातले ३ लाख ३० हजार पुरवठादारांनी परत केले किंवा पुढच्या बिलातून वळते झाले. कारखान्याचे खरे नुकसान तीन वर्षांत ९० हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार. प्रस्तावातला दीड लाखाचा आकडा वळते झालेले पैसेसुद्धा वाचवायला निघाला होता. शिवाय सॉफ्टवेअर सगळ्या जोड्या पकडत नाही. मूळ बिलावर '१२४/२३-२४' असा क्रमांक असतो; ईमेलवर आलेल्या प्रतीवरून दुसरा माणूस '०१२४-२३२४' असा टाकतो. क्रमांक तंतोतंत तपासणाऱ्या प्रणालीला ही दोन वेगळी बिले वाटतात. पुरवठादार, तारीख आणि रक्कम एकत्र तपासण्याची सोय आहे का, हे खरेदीआधी स्वतःची जुनी अकरा बिले टाकूनच पाहावे. सावधपणे २० हजार.

कुरिअर आणि कागद यांच्या ओळीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. मुख्य कार्यालयाकडे बिले पाठवण्याचा खर्च कुरिअर कंपनीच्या बिलांत दिसतो, त्यातले ४० हजार धरावेत. साठवणीची खोली कारखान्याची स्वतःची आहे, तिचे भाडे कुणाला जात नाही; म्हणून तिची किंमत धरू नये.

रोख सुटीच्या ओळीत मात्र एक सापळा आहे. समजा पुरवठादार पंचेचाळीसऐवजी दहा दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट देतात. गेल्या वर्षी हुकलेल्या २ लाखांच्या सुटीपैकी ८० हजारांची सूट हुकली ती खात्यात पैसे नव्हते म्हणून. त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. सही अडकल्यामुळे हुकलेली सूट १ लाख २० हजार, म्हणजे ६० लाखांच्या बिलांवरची. पण ६० लाख रुपये पस्तीस दिवस आधी द्यायचे, तर कॅश क्रेडिटवर साडेदहा टक्क्यांनी तेवढ्या दिवसांचे व्याज पडते, आणि ते होते सुमारे ६० हजार. निव्वळ फायदा उरला निम्मा, ६० हजारांचा. मूळ प्रस्तावात व्याजाचा उल्लेखच नव्हता.

उरला 'विश्वास आणि चांगले निर्णय' यांचा ३ लाखांचा आकडा. अशा अमूर्त फायद्यांबाबत कार्यालये दोन टोकांना जातात. काही जण मनाला येईल तो आकडा लिहितात, काही जण मोजता येत नाही म्हणून शून्य लिहितात. शून्य हाही एक अंदाजच आहे, आणि बहुधा चुकीचा. अधिक चांगली वाट म्हणजे त्या शब्दाचा माग काढत जाणे. पुरवठादाराचा विश्वास वाढेल, म्हणजे नेमके काय बदलेल? पैसे वेळेत मिळतील. उशीर झाला तर आज काय होते? इथे कायदा मदतीला येतो. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून असे उशिराचे देणे त्या वर्षी खर्च म्हणून मान्य होत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातात त्या वर्षी मान्य होते.

म्हणजे मार्चअखेर समजा २० लाखांची अशी बिले मुदत उलटून थकली. सुमारे २५ टक्के दराने त्यावर ५ लाखांचा कर त्या वर्षी जादा भरावा लागतो. उत्साही प्रस्तावक इथे '५ लाख वाचले' असे लिहून मोकळा होतो. पण तो कर बुडत नाही, पुढच्या वर्षी पैसे दिल्यावर वजावट मिळते. खरा तोटा ५ लाखांवरच्या साधारण वर्षभराच्या व्याजाचा, ५० हजारांच्या घरात. त्यातही निम्मी बिले सहीमुळे आणि निम्मी पैशांच्या टंचाईमुळे थकली असतील, तर सॉफ्टवेअरच्या वाट्याला २५ हजार येतात. अमूर्त म्हणून टाकलेल्या ओळीतून एवढा मूर्त भाग हाती लागला. एकदा इथे धरल्यावर तोच फायदा 'पुरवठादारांशी संबंध' या नावाने पुन्हा लिहायचा नाही. दुहेरी मोजणी बहुतेक वेळा अशीच, नाव बदलून शिरते.

आता सावध बेरीज. ओव्हरटाइम ५०, दुहेरी बिले २०, कुरिअर ४०, सूट ६०, कर २५: वर्षाला १ लाख ९५ हजार. तिसऱ्या वर्षापासून अर्ध्या जागेचे २ लाख १० हजार त्यात मिळतात. पहिल्या वर्षी निम्माच फायदा धरायचा, कारण सुरुवातीचे काही महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालतात, बिल विभागाचे काम उलट वाढते, आणि स्टोअरमधले लोक जीआरएन नव्या पद्धतीने टाकायला शिकत असतात. पहिले वर्ष तोट्यात, दुसरे बरोबरीत, पुढची तीन वर्षे दोन लाखांच्या आसपास फायद्यात. वटाव न लावताही पाच वर्षांत १० लाखांपैकी निम्मेच परत येतात. १२ टक्क्यांनी वटाव लावला तर सुमारे ७ लाखांची तूट राहते. कुठे २८ लाख ८० हजारांचा फायदा आणि कुठे ही तूट. आणि दोन्हीकडे वटावाचा दर एकच.

म्हणून प्रस्ताव फेटाळायचा का? हार्वर्डचे लेखाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८६ साली कारखान्यांतल्या संगणकीकरणाविषयी लिहिताना या वळणावर एक उपयुक्त रीत सुचवली होती. आधी मोजता येणाऱ्या फायद्यांवर हिशेब करावा, तूट किती पडते ते पाहावे आणि मग विचारावे, की न मोजलेले फायदे एवढ्या किमतीचे आहेत का? आपल्या ७ लाखांच्या तुटीला पाच वर्षांत सारखे वाटले, तर वर्षाला साधारण १ लाख ९५ हजार रुपये लागतात. आणि आपल्याकडे एक मोठी न धरलेली वस्तू शिल्लक आहे: अकरा माणसांचे ते विखुरलेले सहा तास. वर्षाच्या २७० दिवसांत ते १,६२० तास होतात. तूट भरून काढायला त्या प्रत्येक तासाची किंमत १२० रुपये असली पाहिजे. पगार ताशी २०० रुपयांचा आहे. म्हणजे प्रश्न एवढ्यावर आला, की विखुरलेल्या मिनिटांपैकी साठ टक्के वेळ खरोखर दुसऱ्या उपयोगी कामाला लागेल का?

आता या प्रश्नावर माणसे बोलू शकतात. 'विश्वासाची किंमत ३ लाख' यावर स्टोअरकीपरला काहीच म्हणता येत नव्हते. पण "रोजचा अर्धा तास मोकळा मिळाला तर काय कराल?" याला तो उत्तर देतो: पडून राहिलेल्या मालाची मोजणी महिन्याऐवजी आठवड्याला करता येईल. खरेदी विभागातली बाई सांगते, की अर्धा तास मिळाला तरी फोन वाजतच राहणार. ही दोन उत्तरे वेगवेगळ्या किमतीची आहेत, आणि दोन्ही टिपून ठेवण्यासारखी आहेत.

शंका असेल तर वटावाचा दरच वाढवावा, असा एक सोपा उपाय बरेच जण सुचवतात. बाराऐवजी वीस टक्के धरले की झाली सावधगिरी! ही युक्ती घातक आहे. दर १२ वरून २० केल्याने पहिल्या वर्षाच्या १०० रुपयांची आजची किंमत ८९ वरून ८३ होते, पाचव्या वर्षाच्या १०० रुपयांची मात्र ५७ वरून ४०. कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये शंका सर्वांत जास्त असते ती सुरुवातीच्या काळात, लोक ते वापरतील की नाही याबद्दल. वाढीव दर त्या वर्षाला जेमतेम हात लावतो आणि नंतरच्या स्थिरावलेल्या वर्षांना झोडपतो. शंका ज्या ओळीत आहे तिथेच, आकडा कमी करून किंवा किमान-कमाल अशी मर्यादा देऊन मांडावी. दर फक्त पैशाच्या काळाचा राहू द्यावा.

ब्रिटनच्या सरकारी वित्त विभागाने ही वाट फार आधी धरली. त्यांनी करवून घेतलेल्या अभ्यासात मोठे सरकारी प्रकल्प सातत्याने जास्त आशावादी अंदाजांवर उभे राहिल्याचे २००२ साली दिसून आले. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वटावाच्या दरात न मिसळता, खर्चाच्या आकड्यात आशावादाची दुरुस्ती वेगळी करायला सांगितली गेली. उपकरणे आणि संगणक प्रणाली विकसित करण्याच्या प्रकल्पांसाठी खर्चातल्या या दुरुस्तीची वरची मर्यादा २०० टक्के होती. तिथून सुरुवात करायची आणि जोखीम आवरल्याचा पुरावा मिळेल तसे खाली यायचे.

फायद्यांच्या बाजूचे मोठे उदाहरणही ब्रिटनचेच आहे. तिथल्या आरोग्य सेवेचा राष्ट्रीय संगणकीकरण कार्यक्रम २००२ साली सुरू झाला आणि २०११ मध्ये मोडीत काढला गेला. २०१३ च्या जूनमध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच्या फायद्यांचे अंतिम विवरणपत्र तपासले. एकूण खर्चाचा अंदाज ९८० कोटी पौंड, फायद्यांचा १,०७० कोटी. कागदावर प्रकल्प फायद्यात. पण मार्च २०१२ पर्यंत मिळालेले फायदे ३७० कोटींचे होते. सुमारे दोन तृतीयांश फायदे पुढच्या वर्षांत व्हायचे होते, आणि ते होतील का याबद्दल लेखापरीक्षकांनी मोठी शंका नोंदवली.

आपल्या नमुन्याच्या कारखान्याकडे परत आले, तर प्रस्तावाचे नवे पान आधीपेक्षा लांब दिसते. प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने आहेत: आकडा कुठल्या वहीतून आला, तो खरा करण्याची जबाबदारी कुणाची, आणि तो कधी तपासायचा. ओव्हरटाइमसमोर पगार विभागाचे नाव आहे, अर्ध्या जागेसमोर लेखाप्रमुखांची सही. दुहेरी बिलांची मोजणी पहिल्या मार्चअखेरीनंतर होणार आहे, त्याच जुन्या पद्धतीने, म्हणजे तुलना जुळेल. विखुरलेल्या सहा तासांच्या ओळीत रुपये लिहिलेले नाहीत. तिथे फक्त तास आहेत आणि शेजारी १२० हा आकडा पेन्सिलने लिहिला आहे. बैठकीत आता चर्चा होते ती स्टोअरमधल्या साप्ताहिक मोजणीची, आणि पहिल्या टप्प्यात चौदाऐवजी बिल विभागातल्या तिघांसाठीच परवाने घेतले तर १० लाखांचे किती होतील याची.